दोन फोटॉन, चार वाटा

काचेच्या एका तुकड्यावर पातळ लेप दिला, की त्याच्यावर पडलेला निम्मा प्रकाश पार जातो आणि निम्मा परावर्तित होतो. अशा काचेला बीम स्प्लिटर म्हणतात. एक फोटॉन पाठवला तर तो निम्म्या वेळा पार जातो, निम्म्या वेळा परततो, आणि कोणत्या खेपेला काय होईल ते आधी सांगता येत नाही. इथवर सगळे सरळ आहे. आता काचेच्या दोन्ही बाजूंनी एकेक फोटॉन एकाच वेळी सोडायचा आणि दोन्ही अगदी एकसारखे ठेवायचे. प्रत्येकाने आपापल्या नशिबाने वाट निवडली, तर निम्म्या वेळा ते वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडायला हवेत. प्रत्यक्षात तसे एकदाही होत नाही. दोघे कायम एकाच वाटेने बाहेर पडतात. कोणती वाट, हे मात्र नाणेफेकीसारखे असते.

ही पुस्तिका एवढ्या एका गोष्टीविषयी आहे. सोलापूर परिसरातल्या महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून ती लिहिली आहे. संमिश्र संख्यांची भीती मोडलेला कोणीही वाचक ती वाचू शकेल. प्रस्तावना थोडी लांबली आहे, आणि त्याला कारण आहे. या प्रयोगाबद्दल जे काही सोपे करून लिहिले जाते, त्यात एक वाक्य हमखास भेटते: फोटॉन हे बोसॉन असतात आणि बोसॉनना एकत्र राहायला आवडते. हे वाक्य मला कधीच पटलेले नाही. फोटॉनांमध्ये आवडनिवड नसते, आणि या प्रयोगात एका फोटॉनचे दुसऱ्यावर कसलेही बल लागत नाही. जे घडते ते बेरीज-वजाबाकीतून घडते. ती कशाची, हे समजले की ‘आवड’ हा शब्द लागतच नाही.

प्रयोग पहिल्यांदा नीट झाला तो अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात. हाँग, ओऊ आणि लेनर्ड मँडेल या तिघांचा तीन पानी लेख नोव्हेंबर १९८७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. गंमत अशी, की लेखाच्या शीर्षकात फोटॉन एकत्र जाण्याचा उल्लेखच नाही. शीर्षक आहे दोन फोटॉनांमधला पिकोसेकंदाहून लहान काळ मोजण्याबद्दल. त्यांनी अतिनील लेसर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या स्फटिकातून सोडला. असा स्फटिक क्वचित एखाद्या अतिनील फोटॉनचे दोन लाल फोटॉन करतो. सुमारे ३५१ नॅनोमीटरचा एक जातो आणि सुमारे ७०२ नॅनोमीटरचे दोन येतात. दोघे एकाच क्षणी जन्मतात आणि थोड्या वेगळ्या दिशांनी निघतात. दोन आरशांनी त्यांना वळवून बीम स्प्लिटरवर आणले, आणि बाहेर पडणाऱ्या दोन्ही वाटांवर एकेक डिटेक्टर ठेवला. मोजायचे एवढेच, की दोन्ही डिटेक्टर एकदम किती वेळा वाजले. प्रयोगशाळेत याला कोइन्सिडन्स म्हणतात. बीम स्प्लिटर हळूहळू सरकवत दोन वाटांची लांबी सारखी करत आणली, तशी ही संख्या उतरत गेली, आणि बरोबर मध्यावर ती काही टक्क्यांवर आली. पुढे सरकवल्यावर ती पुन्हा पूर्ववत झाली. आलेखावर मधोमध खळगा दिसतो. तोच आज हाँग-ओऊ-मँडेल खळगा म्हणून ओळखला जातो.

आता हिशेब. दोन फोटॉन आत आले की चार गोष्टी घडू शकतात. दोघे पार जातील, दोघे परावर्तित होतील, वरचा पार जाऊन खालचा परावर्तित होईल, किंवा याच्या उलट. शेवटच्या दोन प्रकारांत दोघे एकाच वाटेला लागतात. पहिल्या दोन प्रकारांत ते वेगळ्या वाटांनी जातात, म्हणजे दोन्ही डिटेक्टर वाजतात. पुंजयामिकीत प्रत्येक प्रकाराला थेट संभाव्यता देत नाहीत, ॲम्प्लिट्यूड देतात. ॲम्प्लिट्यूड ही संमिश्र संख्या असते, आणि तिच्या मापाचा वर्ग केला की संभाव्यता मिळते. समतोल बीम स्प्लिटरसाठी पार जाण्याचा ॲम्प्लिट्यूड 1/√2 आणि परावर्तनाचा i/√2 धरतात. त्या i चा अर्थ परावर्तनात लहर पाव आवर्तनाने सरकते, एवढाच.

दोघे पार गेले तर ॲम्प्लिट्यूड (1/√2)(1/√2), म्हणजे +1/2. दोघे परावर्तित झाले तर (i/√2)(i/√2), म्हणजे −1/2. दोन्ही प्रकारांचा शेवट मात्र एकच आहे: एक फोटॉन वरच्या डिटेक्टरात, एक खालच्यात. फोटॉन तंतोतंत सारखे असतील तर शेवटची स्थिती पाहून कोणता प्रकार घडला हे ठरवता येत नाही, आणि असे असते तेव्हा ॲम्प्लिट्यूडची बेरीज आधी करायची व वर्ग नंतर. बेरीज शून्य येते. कोइन्सिडन्स नाही.

बहुतेक पुस्तके इथे थांबतात, आणि माझ्या मते अर्धीच गोष्ट सांगतात. एकूण संभाव्यता १ व्हायला हवी. वेगळ्या वाटांची अर्धी संभाव्यता नाहीशी झाली, तर ती कुठेतरी वाढायला हवी. दोघे वरच्या वाटेला जाण्याचा ॲम्प्लिट्यूड नुसत्या गुणाकाराने i/2 येतो, त्याचा वर्ग 1/4. दोन्ही वाटा मिळून अर्धेच भरतात. उरलेले अर्धे कुठे आहे? ते फोटॉन निर्माण करणाऱ्या क्रियाकारकांत आहे. आत येणाऱ्या दोन वाटांचे क्रियाकारक a† आणि b†, बाहेर पडणाऱ्यांचे c† आणि d† म्हणू. मग

a† → (c† + i d†)/√2
b† → (i c† + d†)/√2

दोघांचा गुणाकार केला की c†d† ची दोन पदे विरुद्ध चिन्हांची येऊन जातात आणि उरते

a† b† → (i/2)(c†² + d†²)

आता c†² निर्वातावर लावले की एका वाटेत दोन फोटॉन असलेली स्थिती मिळते, पण √2 पटीने. पहिला फोटॉन ठेवताना गुणक √1, दुसरा ठेवताना √2. म्हणून प्रत्येक वाटेचा ॲम्प्लिट्यूड i/2 नव्हे तर i/√2, आणि संभाव्यता पावाऐवजी निम्मी. बोसॉनपण या √2 मध्ये आहे. लेसरमध्ये एका दिशेने आधी असलेले फोटॉन नव्या फोटॉनच्या उत्सर्जनाची शक्यता वाढवतात, तोही हाच गुणक. मधला खळगा आणि कडेची दुप्पट या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, आणि दुसरी बाजूही प्रयोगाने तपासता येते. बाहेरच्या एका वाटेवर आणखी एक बीम स्प्लिटर लावून त्यामागे दोन डिटेक्टर ठेवायचे. तिथल्या कोइन्सिडन्सच्या आलेखात खळग्याच्या जागी उंचवटा येतो, आणि आदर्श स्थितीत त्याची उंची बाजूच्या पातळीच्या बरोबर दुप्पट असते.

विद्यार्थी इथे नेहमी एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे: हा i आला कुठून? काही पुस्तकांत एका बाजूच्या परावर्तनाला +1 आणि दुसऱ्या बाजूच्या परावर्तनाला −1 असते, i नसतोच. दोन्ही मांडण्या चालतात. लेपाची जाडी आणि अंतराचा आरंभबिंदू कुठे धरला यावर वैयक्तिक कला बदलतात. पण बीम स्प्लिटर प्रकाश गिळत नाही, आत आलेली सगळी ऊर्जा बाहेर पडते. या एका अटीमुळे दोन्ही बाजूंच्या परावर्तनांचा गुणाकार आणि दोन्ही बाजूंच्या पारगमनांचा गुणाकार कायम विरुद्ध चिन्हांचे येतात. i आणि i गुणले तरी −1, +1 आणि −1 गुणले तरी −1. म्हणून उत्तर मांडणीवर अवलंबून राहत नाही. धातूचा लेप प्रकाश शोषतो. तिथे ही अट सैल होते, आणि खळग्याचा आकारही बदलू शकतो.

दुसरी शंका जास्त खोल आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनना लेख पाठवला, त्यातल्या मोजणीवरून बोसॉन हे नाव आले. त्या मोजणीप्रमाणे दोन सारखे कण दोन घरांत ठेवायचे तर तीनच रचना होतात: दोघे डावीकडे, दोघे उजवीकडे, एकेक दोन्हीकडे. प्रत्येकीचे वजन सारखे. म्हणजे वेगळे असण्याची शक्यता एक तृतीयांश. मग बीम स्प्लिटरवर ती शून्य कशी? बोस यांचे चुकले का? नाही. त्यांची मोजणी औष्णिक समतोलातल्या प्रारणाची आहे, जिथे सगळ्या शक्य स्थिती सारख्या वजनाने येतात. आपल्याकडे एकच ठरलेली सुरुवातीची स्थिती आहे, आणि ती एका ठरलेल्या काचेतून जाते. या दोन्हींचा सांधा एका छोट्या गणिताने जुळतो. काच समतोल नसेल, पार जाण्याची संभाव्यता T आणि परावर्तनाची R असेल, तर वेगळे निघण्याचा ॲम्प्लिट्यूड T − R आणि संभाव्यता (T − R)². आता T चे मूल्य ० ते १ मधले काहीही, सारख्या शक्यतेने, असे धरून सरासरी काढा. (2T − 1)² चे ० ते १ संकलन बरोबर 1/3 येते. नाना तऱ्हेच्या काचांवर सरासरी घेतली की बोस यांचे उत्तर परत मिळते, आणि समतोल काच हा त्यातला टोकाचा बिंदू ठरतो. हे गणित मी वर्गात पहिल्याच तासाला घालतो. बोस यांची मोजणी आणि बीम स्प्लिटर हे दोन वेगळे विषय नाहीत, हे यातून जितके कळते तितके व्याख्येतून कळत नाही.

आता ‘एकसारखे’ म्हणजे काय, हे पाहायला हवे. सगळा प्रयोग या शब्दावर उभा आहे. एकाच मागावर, एकाच नमुन्याने विणलेल्या दोन सोलापुरी चादरी पाठोपाठ ठेवल्या आणि मी पाठ फिरवल्यावर कोणी त्यांची अदलाबदल केली, तर मला कळणार नाही. पण ते माझे अज्ञान झाले. काठाजवळ एखादा धागा दुहेरी आलेला असतो, रंगाची एखादी छटा उन्नीस-बीस असते, आणि भिंग घेऊन बसलेल्या माणसाला फरक सापडतो. फोटॉनांच्या बाबतीत अट याहून कडक आहे. कोणता फोटॉन कुठून आला ही माहिती विश्वात कुठेच नोंदलेली नसावी. माझ्याकडे नाही, डिटेक्टरकडे नाही, फोटॉनच्या स्वतःच्या रंगात, वेळेत किंवा ध्रुवीकरणातही नाही.

याची चाचणी सोपी आणि मनाला धक्का देणारी आहे. खळग्याच्या तळाशी प्रयोग थांबवायचा आणि एका वाटेत अर्धतरंग पट्टी घालून त्या फोटॉनचे ध्रुवीकरण ९० अंशांनी फिरवायचे. डिटेक्टर तेच, त्यांना ध्रुवीकरण कळतही नाही, आणि आपणही ते मोजत नाही. तरी खळगा नाहीसा होतो आणि कोइन्सिडन्स पूर्ण पातळीवर परत येतो. कारण आता ‘दोघे पार’ आणि ‘दोघे परावर्तित’ या प्रकारांचे शेवट वेगळे झाले. एकात आडवा फोटॉन वरच्या डिटेक्टरात जातो, दुसऱ्यात खालच्यात. कोणी पाहो न पाहो, शेवट वेगळे झाले की ॲम्प्लिट्यूड नव्हे, संभाव्यता मिळवायच्या. पाव अधिक पाव, निम्मे. पट्टी ४५ अंशांइतकीच फिरवणारी असेल तर खळगा अर्धाच भरतो.

दोन फोटॉन काचेवर ‘भेटतात’ हा शब्दप्रयोग मीही वर वापरल्यासारखा झाला आहे, पण तो जपून वापरावा. मेरिलंडमध्ये यान्हुआ शी यांच्या गटाने १९९६ मध्ये असा प्रयोग केला, की जोडीतले दोन फोटॉन बीम स्प्लिटरवर मुद्दाम वेगवेगळ्या वेळी पोहोचावेत. मधला काळ इतका, की दोघांच्या लहरपुंजांनी एकमेकांना स्पर्शही करू नये. मग बीम स्प्लिटरच्या पुढे हा उशीर अशा रीतीने भरून काढला, की अखेरीस कोण आधी आला हे सांगता येऊ नये. व्यतिकरण दिसले. म्हणजे काचेवर धक्काबुक्की किंवा मिठी, यातले काही लागत नाही. व्यतिकरण दोन फोटॉनांचे एकमेकांशी होत नाही. दोन फोटॉन मिळून घडणाऱ्या एका घटनेच्या दोन पर्यायांचे ते होते.

आता प्रयोगशाळेत येऊ. रॉचेस्टरच्या खळग्याची रुंदी सुमारे १०० फेम्टोसेकंद होती. तेवढ्या काळात प्रकाश ३० मायक्रॉन जातो, डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. डिटेक्टरांना मात्र नॅनोसेकंदाच्या आतबाहेरचेच कळते, आणि एका नॅनोसेकंदात असे दहा हजार खळगे बसतील. तरी फेम्टोसेकंद मोजता आले, कारण मोजणी घड्याळाने होत नव्हती. वेळेतला फरक फोटॉन वेगळे ओळखू येण्यात उतरत होता, आणि ते ओळखू येणे कोइन्सिडन्सच्या संख्येत. लेखाचे शीर्षक वेळेबद्दल का होते, ते आता लक्षात येईल.

खळग्याची रुंदी स्फटिकापुढच्या रंगगाळणीने ठरते. गाळणी जितकी अरुंद, तितका लहरपुंज लांब आणि खळगा रुंद. नवशिक्याने खळगा शोधायला सुरुवात करताना अरुंद गाळणी लावावी, म्हणजे खळगा सापडायला सोपा जातो. रुंद गाळणीने मोजणी भरपूर मिळते, पण खळगा इतका अरुंद होतो की सरकपट्टीच्या एका पावलात तो ओलांडला जातो आणि कळतही नाही.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, आणि वातानुकूलन चालू-बंद झाले की खोली दोन-तीन अंशांनी हलते. ॲल्युमिनियमची एक मीटर पट्टी एका अंशाला २३ मायक्रॉन वाढते. दोन्ही वाटांखालचे धातू सारखे तापले तर फरक पडत नाही, कारण खळगा फक्त दोन लांबींमधला फरक ओळखतो. पण एकाच वाटेवर पंख्याचा गरम झोत येत असेल, तर तेवढ्यानेच आपण खळग्याच्या तळातून जवळजवळ काठावर येऊन बसतो. तरीही हा प्रयोग मायकेल्सनच्या इंटरफेरोमीटरपेक्षा पुष्कळ सोशिक आहे. मायकेल्सनमध्ये ७०२ नॅनोमीटरच्या प्रकाशाला वाटेत ०.३५ मायक्रॉनचा फरक पडला, की उजेडाचा अंधार होतो. केगावच्या आमच्या विद्यापीठासमोरच्या पुणे महामार्गावरून जडवाहन गेले की पट्टे कसे नाचतील, याची कल्पना हा प्रयोग केलेल्या कोणालाही येईल. हाँग-ओऊ-मँडेल खळग्याला या कंपाचे काही वाटत नाही. +1/2 आणि −1/2 या दोन्ही ॲम्प्लिट्यूडमध्ये दोन्ही वाटांच्या कला एकेकदा येतात, त्यामुळे एखादी वाट थोडी लांबली तरी दोघांत सारखाच गुणक लागतो आणि चिन्हातला विरोध टिकून राहतो.

खळगा शून्याला टेकत नाही, तेव्हा दोष कुठे आहे हे शोधणे हे या प्रयोगातले खरे कसब. एक उदाहरण घेऊ. खळग्याबाहेर मिनिटाला ६०० खऱ्या जोड्या वेगळ्या डिटेक्टरांवर येतात, प्रत्येक डिटेक्टर सेकंदाला १०,००० वेळा वाजतो, आणि ५ नॅनोसेकंदांच्या आत दोन्ही वाजले तर आपण त्याला कोइन्सिडन्स म्हणतो. निव्वळ योगायोगाने एकदम वाजण्याचा दर १०,००० × १०,००० × ५ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला अर्धा, मिनिटाला ३०. आलेखात बाहेर ६३० दिसतील आणि तळाशी, फोटॉन पूर्ण सारखे असले तरी, ३०. खळग्याची खोली ९५ टक्के. हा दोष काचेचा नाही, फोटॉनांचाही नाही. तपासायचे कसे? एका डिटेक्टरच्या तारेत ५० नॅनोसेकंदांचा उशीर घालायचा. खऱ्या जोड्या निसटतात आणि उरतात ते निव्वळ योगायोग. तेवढे वजा केल्यावरही तळ वर राहिला, तर काच बघायची. ६०:४० काचेला वेगळे निघण्याची संभाव्यता (०.६ − ०.४)², म्हणजे ०.०४, आणि ओळखता येणाऱ्या फोटॉनांना ०.३६ + ०.१६, म्हणजे ०.५२. खोली १ − ०.०४/०.५२, सुमारे ९२ टक्के. काच इतकी वाकडी असूनही नुकसान आठच टक्के, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी. प्रत्यक्षात खोली ७० टक्क्यांवर अडकली असेल तर काचेला दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा दोन किरण बीम स्प्लिटरवर नीट एकमेकांवर पडलेले नसतात, किंवा ध्रुवीकरण कुठेतरी कलले असते.

आणखी एक खूण कधी विसरू नये. कोइन्सिडन्स उतरत असताना प्रत्येक डिटेक्टरची एकेरी मोजणी सपाट राहायला हवी. तीही सोबत उतरत असेल, तर जे सापडले ते व्यतिकरण नव्हे. सरकपट्टी हलताना किरण डिटेक्टरवरून घसरतो आहे, एवढेच.

शेवटचा अडथळा संशयी वाचकाचा, आणि तो मला प्रिय आहे. तो म्हणेल, हे तर साध्या लहरींचेही होईल, फोटॉन कशाला हवेत? बरोबर आहे, काही अंशी होते. दोन्ही बाजूंनी सारख्या तीव्रतेच्या लहरी सोडा, त्यांच्यातली कला φ दर क्षणी यदृच्छेने बदलती ठेवा. बाहेरच्या तीव्रता 1 + sin φ आणि 1 − sin φ या प्रमाणात येतात. दोघींचा गुणाकार 1 − sin² φ, आणि त्याची सरासरी निम्मी. म्हणजे लहरींनाही खळगा पडतो, पण जास्तीत जास्त ५० टक्के. त्याच्या खाली जाता येत नाही. ५० टक्क्यांहून खोल खळगा दिसला, की अभिजात लहरीचा युक्तिवाद संपतो. म्हणून या प्रयोगाचा कोणताही अहवाल वाचताना आधी खोलीचा आकडा शोधावा. तो ४८ असेल तर लेखकाने फार मोठे काही सिद्ध केलेले नाही.

ही सीमारेषा आखण्यात मुंबईहून गेलेल्या एका माणसाचा वाटा आहे. ई. सी. जी. सुदर्शन टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून रॉचेस्टरला गेले, तिथे पीएच.डी. केली, आणि तिथेच असताना १९६३ मध्ये प्रकाशाची कोणतीही पुंज-स्थिती अभिजात लहरींच्या वजनदार मिश्रणासारखी लिहिण्याची रीत मांडली. ती वजने खऱ्या संभाव्यतांसारखी धन असली तर प्रकाश अभिजात मानता येतो. ती ऋण किंवा त्याहून विचित्र झाली तर नाही. लेसरचा प्रकाश पहिल्या गटात येतो, एकुलता फोटॉन दुसऱ्यात. वरची ५० टक्क्यांची मर्यादा फक्त पहिल्या गटाला बांधते. ज्या विद्यापीठात ही कसोटी लिहिली गेली, तिथेच चोवीस वर्षांनी खळग्याचा प्रयोग झाला.

पुस्तिकेत पुढे दोन प्रकरणे अशी आहेत, की ती या प्रस्तावनेत ओढून आणली तर धागा तुटेल. एकात फोटॉनऐवजी इलेक्ट्रॉन घेतले तर +1/2 आणि −1/2 यांच्यामध्ये अदलाबदलीचे आणखी एक ऋण चिन्ह येऊन ते कायम वेगळे कसे निघतात ते आहे, आणि २०१५ मध्ये फ्रान्समधल्या गटाने हेलियमच्या अणूंवर पाहिलेला खळगाही. दुसऱ्यात दोनाऐवजी पुष्कळ फोटॉन आणि पुष्कळ वाटा असल्या तर ॲम्प्लिट्यूडची ही बेरीज संगणकाला का झेपत नाही, याचा विचार आहे. दोन फोटॉनांची बेरीज दोन पदांची होती. वीस फोटॉनांना पदांची संख्या २० क्रमगुणित होते.

वाचकाला एक विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी कागद घ्या आणि ७०:३० काचेसाठी वेगळे निघण्याची संभाव्यता व खळग्याची खोली काढा. उत्तरे ०.१६ आणि सुमारे ७२ टक्के यायला हवीत. आली नाहीत तर √2 कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, तो परिच्छेद परत वाचा. पुढची सगळी पुस्तिका त्यावर बेतलेली आहे.